गोम नव्हती ती

साळूबाई पालीची. राजगडाच्या पायथ्याचं गाव, घराच्या मागच्या दारातून गड दिसतो. नवरा ऐन उमेदीत गेला, शेताचा तुकडा दिराच्या ताब्यात राहिला. मुलगा पप्पू टेम्पो चालवायला लागला आणि लग्नानंतर सारोळ्याला हायवेजवळ खोली घेऊन राहिला. सुनेला पालीत करमत नव्हतं, आणि सारोळ्याच्या खोलीत तिसऱ्या माणसाला पाय पसरायला जागा नव्हती. हे कुणी साळूबाईला बोलून दाखवलं नाही. तिचं तिलाच समजलं, आणि ती भोरला एका घरी आजारी बाईचं करायला जाऊन राहिली.

त्या बाई म्हणजे सरोजबाई. जन्मभर भोरच्या शाळेत शिकवलेलं, ऐंशीच्या पुढचं वय. अर्धांगाच्या झटक्यानं डावं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. 'ना' एवढं एकच अक्षर तोंडातून निघायचं. भूक लागली तरी ना, पाणी हवं असलं तरी ना, खिडकी उघडायला हवी असली तरी ना. कुठला ना कशाचा, हे साळूबाईला महिन्याभरात कळायला लागलं. मुलगा मंदार पुण्याला नोकरीला. रविवारी यायचा, फळं आणि औषधं ठेवायचा, आईच्या उशाशी बसून मोबाईल बघायचा आणि दिवेलागणीच्या आत निघायचा.

बाकीचा आठवडा घरात दोघीच. एकीला बोलता येत नाही आणि दुसरीला बोलायला कुणी नाही. मग साळूबाईच बोलायची. भात लावणीला किती माणसं लागायची, दिरानं बांध कसा सरकवला, पप्पू लहानपणी तापात कसा बरळायचा. इतकी वर्षं हे कुणी ऐकून घेतलं नव्हतं. सरोजबाई उजव्या डोळ्यानं बघत राहायच्या, आणि मधेच 'ना' म्हणायच्या. तो 'ना' म्हणजे, मग पुढं काय झालं.

श्रावण सरत आला होता. हवेत ओल, कपडे वाळेनात. सरोजबाईंचे पाय संध्याकाळी गार पडायचे, म्हणून साळूबाई गरम पाण्याची पिशवी द्यायची आणि वर लोकरी मोजे घालायची. मोजे मागच्या खिडकीच्या गजांवर वाळत टाकलेले असायचे, बाहेर परसातली अळवाची पानं गजांना टेकलेली.

एका सकाळी तिनं डाव्या पायाचा मोजा काढला तर आतून बोटभर लांब, काळपट तांबडं काहीतरी पडलं. मेलेलं. कडेला पायच पाय. ती दचकलीच. पायाच्या बोटांवर आणि पावलाच्या वरच्या बाजूला पिवळसर डाग पडला होता. ते अंग बधिर, बाईंना रात्री काही जाणवलंच नव्हतं. साळूबाईनं तो किडा चिमटीत धरून मोज्यावर ठेवला, मोबाईलवर फोटो काढला, किडा बाहेर टाकला. पाय नुसत्या पाण्यानं पुसून वर खोबरेल चोळलं. मग मंदारला फोन केला.

"मंदारदादा, बाईंच्या मोज्यात गोम निघाली वो. पायाला डाग पडलाय."

"आई रडतेय का? सूज आहे का?"

"न्हाई. गप हायेत."

"मग रविवारी बघतो."

रविवारपर्यंत तो डाग काळाशार झाला. बोटांपासून पावलावर कमानीसारखा पट्टा, त्यात एक-दोन फोड. मंदारनं पांघरूण बाजूला केलं आणि त्याचा चेहराच बदलला. त्यानं गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी पाय निरखून पाहिला. "हा चावा नाही वाटत. गोम चावली तर दोन टोचल्याच्या खुणा दिसतात, लाल सूज येते. हे भाजल्यासारखं आहे," म्हणाले आणि मलम लिहून दिलं.

डॉक्टर गेल्यावर मंदारनं खुंटीवरची गरम पाण्याची पिशवी काढली आणि तिच्यासमोर धरली.

"मावशी, खरं सांगा. उकळतं पाणी भरलंत ना हिच्यात?"

"न्हाई वो दादा. हातावर बघूनच भरती. गोमच व्हती. फोटु हाय की माज्याकडं."

त्यानं फोटो एक नजर पाहिला. "गोमेचा फोटो कुठंही काढता येतो. आणि गोमेनं असं होत नाही, डॉक्टर आत्ताच म्हणाले. चुकलं तर चुकलं म्हणा. खोटं बोलू नका. आईला ओरडता येत नाही म्हणून काय वाटेल ते कराल?"

पलंगावर सरोजबाई 'ना, ना, ना' करायला लागल्या. मंदार वळला. "दुखतंय का गं?" म्हणत त्यानं पायावर फुंकर घातली.

साळूबाईनं लुगडी पिशवीत भरली. त्याच संध्याकाळी तिनं नसरापूर फाट्यावर एसटी बदलली आणि पालीला येऊन घराचं कुलूप काढलं. पप्पूला फोन लावला. तो टेम्पोत होता, मागं गाड्यांचे भोंगे. सगळं ऐकून म्हणाला, "जाऊ दे आता. शिवऱ्यात एका हाटेलवाल्याला बाई पाहिजे, विचारू का?"

तू तसं केलंस का, एवढंही त्यानं विचारलं नाही. केलं असेल असं धरून चालला होता, की त्याला फरकच पडत नव्हता, हे तिला ठरवता आलं नाही. ती बरेच दिवस त्यावरच विचार करत राहिली. कधीकधी तर तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. पाणी खरंच जास्त कढत होतं का? गोमेनं असा डाग पडत नाही, एवढे शिकलेले डॉक्टर म्हणतात. मग?

बोलायला भिंतीच होत्या. भोरमध्ये ऐकणारं माणूस असायची सवय झाली होती, त्यामुळं आता रिकामं घर आणखी मोठं वाटायचं.

भादव्यात गडावर येणाऱ्यांसाठी ती पिठलं-भाकरी करून द्यायला लागली. अशीच एक दिवस पुण्याच्या कॉलेजातली सोनिया नावाची मास्तरीण दोन दिवस राहायला आली. ती गड बघायला आली नव्हती, पानाखालचे, दगडाखालचे किडे बघायला आली होती. सकाळभर चिखलात वाकून फोटो काढायची आणि दुपारी ओसरीवर बसून ते मोठे करून बघायची.

भाकरी वाढताना साळूबाईची नजर त्या पडद्यावर गेली आणि हात थांबला.

"गोम हाय ही."

"नाही मावशी, हा पैसा किडा आहे."

"पैसा व्हय? पैसा म्हंजी वेटोळं करून गोटी व्हतो त्यो. ही लांबडी हाय."

"मोठा आहे आणि पसरलाय, म्हणून तसा वाटतो." सोनियानं दुसरा फोटो शेजारी आणला. "ही गोम. बघा, अंग कसं पट्टीसारखं चपटं. पाय दोन्ही बाजूंना फाकलेले, आणि अंगाच्या एकेका पेराला पायांची एकच जोडी. मिशा लांब. शेवटचे पाय मागं शेपटासारखे ताणलेले. आता हा पैसा. अंग पेन्सिलीसारखं गोल, मिशा आखूड, वाकड्या. आणि अंगावरच्या एका वळीला पायांच्या दोन-दोन जोड्या. डोक्यामागच्या पहिल्या वळ्यांवरून ठरवायचं नाही, तिथं कमी असतात. मधल्या वळ्या बघायच्या."

"गोल म्हंजी पैसाच का?"

"नुसत्या अंगावरून नाही. चपटे पैसेही असतात. पायांच्या जोड्या दिसल्या की खात्री."

साळूबाई आत गेली आणि मोबाईल घेऊन आली. "ताई, ह्यो बगा."

सोनियानं फोटो मोठा केला. किडा कुशीवर पडलेला होता, मोज्याची लोकर त्याच्या पायांत अडकलेली. मधला भाग तेवढा स्पष्ट होता. ती मोबाईल उजेडाकडं धरून बराच वेळ बघत राहिली, बोटानं सरकवत राहिली.

"प्रत्येक वळीला दोन जोड्या आहेत. मिशाही आखूड. पैसाच आहे, मावशी. कुठल्या जातीचा ते यातून सांगता नाही यायचं. कुठं सापडला?"

"बाईंच्या मोज्यात."

"मग पुढं काय झालं?"

हे तोंडानं विचारणारं ते पहिलं माणूस. साळूबाईनं सगळं सांगितलं. पिवळा डाग, काळा पट्टा, फोड, पिशवी, डॉक्टर. सोनिया ऐकता ऐकता ताठ बसली होती.

"मावशी, तो कशानं उचलला होता तुम्ही?"

"हातानंच. ह्या चिमटीत."

सोनियानं तिचा हात ओढून घेतला. अंगठ्यावर आणि बोटाच्या पेरावर फिकट तपकिरी डाग होता. साळूबाईला तो चुलीचा वाटला होता. घासून जात नाही म्हणून तिनं सोडून दिला होता.

"पैसा चावत नाही. दाबला गेला की अंगातून रस सोडतो. तो कातडीला रात्रभर लागून राहिला तर आधी पिवळं, मग काळं पडतं, फोडही येतात. लोकांना भाजल्यासारखंच वाटतं. साबणानं लगेच धुतलं असतं तर कमी झालं असतं, पण ते तुम्हाला कुठून ठाऊक असणार? डॉक्टर चुकले नाहीत, गोमेनं तसं होतच नाही. तुम्ही गोम म्हणालात, तिथंच सगळं फसलं. मी डाग पाहिलेला नाही, शपथेवर सांगू शकत नाही. पण कातडीच्या डॉक्टरांना हा फोटो दाखवायला सांगू या."

साळूबाई खांबाला टेकून बसली. "म्हंजी पानी कडत नव्हतं," ती स्वतःशीच म्हणाली.

सोनियानं मंदारचा नंबर घेतला आणि फोटो पाठवला, खाली सगळं समजावून लिहिलं. त्यानं वाचलं, पण उत्तर आलं नाही. सोनिया गेली. गडावर धुकं, ओसरीवर कुणी नाही. साळूबाई मोबाईल कमरेला लावून वावरायची आणि वाजला की कंपनीची जाहिरात असायची.

मग एका दुपारी मंदार स्वतःच गाडी घेऊन आला. चप्पल काढून ओसरीच्या कडेला बसला, दिलेलं पाणी हातात धरून.

"पुण्यात कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पैशाचाच डाग आहे, असे बघितलेत त्यांनी." त्यानं तांब्या हातात फिरवला. "मी तुम्हाला बोलायला नको होतं. आधी विचारायला हवं होतं."

"बाई कशा हायेत?"

"घर बंद केलं. आईला पुण्यात एका सेंटरमध्ये ठेवलंय. तिथं चोवीस तास नर्स असतात. तुम्ही आलात तर मी सांगून बघतो, तिथंच कामाला..."

"नगं दादा. आता बाईंच्या अंगावर काय दिसलं की माजा जीव टांगणीला लागंल." मग म्हणाली, "तवा बाई 'ना, ना' करत व्हत्या. तुमाला वाटलं दुकतंय."

मंदारनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

एकदा भेटवून आणतो म्हणाला आणि त्यानं तो शब्द पाळला. पुण्यात एका पांढऱ्या खोलीत सरोजबाई झोपल्या होत्या. मंदार खाली काही सह्या करायला गेला. साळूबाईनं पांघरुणाचं टोक उचललं. पावलावरचा डाग फिकट होत चालला होता, बोटभर रुंद राहिलेला. तिनं पाऊल दोन्ही तळव्यांत धरलं. गारच होतं. सरोजबाईंचा उजवा डोळा उघडला, तिच्यावर थांबला आणि ओठ हलले. आवाज आला नाही. साळूबाई दिराच्या बांधाची पुढची गोष्ट सांगायला लागली. दीर कोर्टात गेला होता ती.

तेवढ्यात नर्स आली. "जेवणाची वेळ झाली. तुम्ही कोण त्यांच्या?"

साळूबाईनं विचार केला. बहीण नाही, नातं नाही, आता कामवालीही नाही.

"भोरची," ती म्हणाली, आणि पांघरूण नीट करून बाहेर येऊन बाकावर बसली.

दारातून सरोजबाईंचा डोळा तिच्याकडं लागलेला दिसत होता. नर्सनं चमचा पुढं केला तेव्हा त्या म्हणाल्या, "ना."

"नको म्हणतात," नर्स कंटाळून म्हणाली.

साळूबाईला ठाऊक होतं की तो नकोचा 'ना' नव्हता, मग पुढं काय झालं, असा होता. पण ती उठली नाही, बाकाची कड धरून बसून राहिली. मंदार आला तेव्हा आत जेवण उरकत आलं होतं. त्यानं तिला परतीच्या एसटीत बसवून दिलं, खिडकीची जागा मिळाली. पालीला पोहोचल्यावर चूल पेटवायला कुणी पाहुणे नव्हते, म्हणून तिनं सकाळची भाकरी खाल्ली आणि दार ओढून घेतलं.