चाल वाडवडिलांची

आमच्या बाबांना अर्ज लिहिण्याचा भारी सोस. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात त्यांनी कारकुनी केली, आणि निवृत्त झाल्यावरही घरात 'महोदय' जिवंत राहिला. नळाला पाणी आलं नाही, अर्ज. शेजाऱ्याची बकरी तुळस खाऊन गेली, अर्ज. त्यामुळे त्यांच्या गाण्यावर कोणीतरी हक्क सांगितला तेव्हा मला फोन करण्याआधी त्यांनी काय केलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

बाबा मूळचे वलगावचे. तरुणपणापासून गायन पार्टीत गातात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. जयंतीला, लग्नाला, नामकरणाला. त्या पार्ट्यांचा एक रिवाज आहे. गाणं सुरू करण्याआधी माइकवर सांगायचं, शब्द कोणाचे आणि चाल कोणाची. सिनेमाची चाल असेल तर सिनेमाचं नाव घ्यायचं, लपवायचं नाही. बाबांचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे कापूस वेचणाऱ्या बायांचं. त्याच्या आधी ते दर वेळी घसा खाकरून म्हणत, "शब्द माझे, चाल वाडवडिलांची." इतक्या नम्रपणे म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, मागे चारपाच पिढ्या तंबोरा घेऊन बसल्या आहेत.

मागच्या वर्षी मी त्यांना फोनवर चॅनेल काढून दिलं. पहिलाच व्हिडिओ ह्या गाण्याचा टाकला. वलगावात शूट केलेला, पार्टी बसलेली, मागे शाळेची भिंत. गावातल्या लोकांनी तो इतका पाहिला की बाबा पानठेल्यावर रोज नवीन आकडा सांगू लागले.

मग एके दिवशी व्हिडिओ मुका झाला. बाबांचे ओठ हलतात, पेटीवाल्याची बोटं नाचतात, आवाज मात्र नाही. चॅनेलवर सूचना आली होती की ह्या व्हिडिओतला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे, म्हणून बंद केला. खाली त्या दुसऱ्या गाण्याचं नाव होतं. मी ते लावून ऐकलं. आवाज बाबांचाच होता. कोणीतरी त्यांचंच गाणं उचलून खाली धडाधड डीजेचा ठेका टाकला होता आणि स्वतःचं म्हणून नोंदवून टाकलं होतं. तिथलं यंत्र दोन्ही आवाज जुळवून बघतं, आधी कोणी गायलं ते त्याला कळत नाही. ज्यानं नोंदवलं तो मालक, एवढंच त्याचं ज्ञान.

बाबांचं दुःख वेगळंच होतं. "पानठेल्यावर म्हणून राहिले, मास्तर, तुमी गाणं चोरलं काय?" फोनवर त्यांचा आवाज बारीक झाला होता. आयुष्यभर ज्या माणसानं दुसऱ्याची चाल दुसऱ्याच्या नावानं सांगितली, त्याला चोर म्हणणं मला सहन झालं नाही. मी अमरावतीहून अकोल्याची पहिली बस पकडली.

घरी पोचले तेव्हा कळलं की बाबांनी हरकत आधीच नोंदवली होती. हरकत घेताना कारण निवडावं लागतं. स्वतःची निर्मिती, परवानगी, असं काही काही. बाबांनी 'परवानगी' निवडलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "महोदय, सदर चाल वाडवडिलांची असून त्यांचा आशीर्वाद आहे."

"बाबा, आशीर्वाद म्हणजे परवाना नव्हे."

"पण खोटं कसं लिहू? माही चाल नाई ना."

अशी हरकत तपासतो तो हक्क सांगणाराच; त्या समोरच्यानं ती साहजिकच फेटाळली. बाबांनी मला न विचारता त्याच मजकुरावर अपीलही ठोकलं, फक्त 'महोदय'च्या आधी 'सन्माननीय' जोडून. त्यावर समोरच्यानं व्हिडिओ काढून टाकण्याची कायदेशीर मागणी पाठवली. आता व्हिडिओही गेला आणि चॅनेलवर पहिला इशारा लागला. असे तीन इशारे एकाच वेळी अंगावर राहिले तर चॅनेलच बंद.

आता उरला होता एकच मार्ग, प्रति-नोटीस. मी बाबांना समोर बसवून समजावलं. ही साधी तक्रार नाही, कायद्याचा कागद आहे. खरं नाव, पत्ता, फोन द्यायचा. व्हिडिओ चुकीनं काढला गेला असं मी शपथेवर सांगतो, असं लिहायचं. हे सगळं समोरच्याकडे जातं. त्यानं दहा कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येतो.

"पत्ता त्याच्याकडे जाते?" बाबा चरकले. "घरी आला तर?"

"आला तर चहा पाजू," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. ती पोळ्या करत होती आणि सगळं ऐकत होती.

"आणि बाबा, शपथेवर खोटं लिहिलं तर अंगाशी येतं. म्हणून आता नीट सांगा, चाल कोणाची?"

"वाडवडिलांची."

"कोणते वाडवडील? आजोबा तर गातच नव्हते."

बाबा चष्मा पुसू लागले. बाबा चष्मा पुसू लागले की समजावं, काहीतरी लपलेलं आहे. स्वयंपाकघरात लाटणं थांबलं.

"सांगा ना," आई दारात येऊन म्हणाली. "काहून सांगत नाई? मी कापूस वेचता वेचता गुणगुणत होती. तुमी बांधावर उभे राहून आयकत होते. मग लग्न झाल्यावर त्याच्यावर शब्द बसवले."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"पार्टीत कसं सांगू?" ते म्हणाले. "माइकवर 'चाल बायकोची' म्हटलं असतं तर पेटीवाला जलमभर हसला असता."

"म्हणून मले वाडवडील करून ठेवलं," आई म्हणाली. "जितेपणीच."

ती रागावली नव्हती. पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवून ती उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत मला आनंद दिसला. तो बघून मला बाबांचा राग आला आणि दोघांवर मायाही आली.

मी मजकूर लिहायला घेतला. बाबांनी 'महोदय'साठी फार आग्रह धरला, पण मी दाद दिली नाही. साधं लिहिलं: शब्द माझे, चाल माझ्या पत्नीची, आवाज माझा, ध्वनिमुद्रण आमचं, आणि समोरच्यानं आमच्याच आवाजावर ठेका टाकून ते नोंदवलं आहे. आईचं पूर्ण नाव टाकताना बाबा प्रत्येक अक्षर तपासत होते. सही म्हणून स्वतःचं नाव टाइप करायला त्यांना दोनदा चष्मा पुसावा लागला.

समोरचा कोर्टात गेला नाही. कोर्टात जाऊन तो सांगणार तरी काय होता? मुदत संपल्यावर काही दिवसांनी व्हिडिओ परत आला, आवाजासकट, आणि इशाराही निघाला. पानठेल्यावर बाबांनी स्वतः सगळ्यांना चहा पाजला.

पुढच्या जयंतीला मी वलगावला गेले. आई बायांच्या रांगेत, माझ्या शेजारी बसली होती. बाबांनी माइक हातात घेतला, घसा खाकरला, पेटीवाल्याकडे एक नजर टाकली.

"शब्द माझे," ते म्हणाले, आणि जरा थांबले. "चाल आमच्या घरच्या बाईंची."

पेटीवाला हसला. बाया आईकडे वळून पाहू लागल्या. आईनं पदर सारखा केला आणि पूर्ण गाणं डोळे मिटून ऐकलं. बाबा खाली उतरून आमच्यापाशी आले, कसं झालं म्हणून विचारायला.

"तिसऱ्या ओळीत चाल चुकते तुमची," आई म्हणाली. "पयल्यापासून चुकते. पण वाडवडिलांची होती ना, मी कायले बोलू?"