चार तारे आणि पाचची एसटी

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या तालुक्याच्या कॉलेजात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, मूल्यांकन. कॉलेजांना एक ते पाच तारे देण्याची पद्धत नुकतीच सुरू झाली होती. आधी कॉलेजनं स्वतःविषयी अहवाल लिहायचा, मग बाहेरच्या प्राध्यापकांची समिती येऊन पाहणी करणार. शिकवणं, ग्रंथालय, इमारत, विद्यार्थ्यांच्या सोयी, कारभार असे सात निकष, आणि सगळ्यांची गोळाबेरीज म्हणजे तारे. मी रसायनशास्त्र शिकवायचो, आणि अहवाल लिहिणाऱ्यांतला सगळ्यात उत्साही गडी मीच होतो. त्या सात निकषांनी माझं डोकं इतकं व्यापलं होतं की बायको म्हणायची, आता भाजीलाही तारे द्या.

आमच्या प्रयोगशाळेतले अटेंडंट काष्टी गावचे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या परीक्षानळ्या धूत होते. त्यांची मुलगी बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. वस्तीवरच्या बुद्धविहारात तिचा सत्कार झाला, आणि तिथं तिनं रसायनशास्त्राची प्राध्यापक व्हायचंय असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती, अटेंडंट आणि त्यांची बायको अशी तिघंही माझ्यासमोर उभी राहिली. आमच्या कॉलेजात प्रवेश घ्यावा की नगरला, जिथल्या कॉलेजाला नुकतेच चार तारे मिळाले होते?

मी खडू घेतला. फळ्यावर सात ओळी, दोन रकाने. नगरचा रकाना भराभर भरला. ग्रंथालय मोठं, संशोधन चालू, मुलींचं वसतिगृह आहे. आमच्या नावाखाली लिहिलं, ‘मूल्यांकन नाही’. ते झालंच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. पण फळ्यावर ते नापासासारखं दिसत होतं आणि मी ते तसंच दिसू दिलं.

मुलीची आई फळ्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "सर, तितलं प्रॅक्टिकल सुटतंय कवा? आन् त्याच्यामागं काष्टीला एसटी हाय का?"

मी हसलो. तिला म्हणालो, अहो, वसतिगृह आहे ना. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

वसतिगृह होतंच. जागा किती, हे मी विचारलं नव्हतं. मुलीनं नगरला प्रवेश घेतला, पण वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव लागलं नाही. महिनाभर ती नातेवाइकांकडे राहिली, मग त्यांच्याच घरी पाहुणे आले आणि ती काष्टीहून जाऊ-येऊ लागली. तिच्या तुकडीचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं आणि तिची एसटी पाचला निघायची. त्यानंतरच्या गाडीनं घरी पोचायला अंधार पडायचा, म्हणून ती प्रयोग अर्धा टाकून निघायची. जर्नलवर सह्या होईनात, हजेरी कमी भरली, टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे परीक्षेलाच बसता आलं नाही. त्या कॉलेजचा यात दोष नव्हता. ते खरंच चांगलं होतं, चार तारेही खरे होते. पण ते सबंध कॉलेजचे होते. काष्टीहून येणाऱ्या एका मुलीला तिथं पदवी पुरी करता येईल का, हे तारे सांगत नव्हते आणि मीही तपासलं नव्हतं. आमच्याकडे प्रॅक्टिकल सकाळी असायचं. पदवी तर दोन्हीकडे एकाच विद्यापीठाची.

मी अटेंडंटना म्हणालो, पुढच्या वर्षी तिला इथं घेऊन या, मी स्वतः बघतो. थंडीत तिचं लग्न झालं. मी गेलो होतो. तिनं वाकून नमस्कार केला.

पुढं आमच्याकडेही समिती आली. आम्ही कुंड्या रंगवल्या, बाटल्यांना नवी लेबलं लावली. समितीचे अध्यक्ष परप्रांतातले होते. त्यांनी आमच्या अटेंडंटना हिंदीत विचारलं, तुमची मुलं कुठं शिकतात?

"मुलगी नगरला हुती, सायेब. चार तारेवाल्या कॉलेजात," ते म्हणाले.

मी ते हिंदीत सांगितलं. ‘हुती’ मात्र गाळलं. अध्यक्षांनी खुशीनं मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

काही महिन्यांनी निकाल आला. आम्हाला तीन तारे. प्राचार्यांनी पेढे वाटले. अटेंडंट आपला पेढा कागदात गुंडाळून माझ्यापाशी आले.

"सर, मंजी आता आपलं कॉलेज चांगलं झालं?"

मी म्हणालो, आधीही असंच होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी पेढा खिशात ठेवला आणि सकाळच्या तुकडीच्या परीक्षानळ्या धुवायला घेतल्या.