दोन रेघा, दोन सह्या

मुंबईतला शेअरबाजार दुपारी साडेतीनला बंद होतो आणि मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा चहा होतो. चहा संपला की हे आलेखाचा कागद पसरतात. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, हाताला काम लागतंच. मोबाइलवर सगळं आयतं दिसत असताना हे बाजारात शेअरसारख्याच विकल्या जाणाऱ्या आमच्या इंडेक्स फंडाचा रोजचा बंद भाव पेन्सिलीने मांडतात. मग दोन सरासऱ्या काढतात. शेवटच्या वीस दिवसांची लाल, पन्नास दिवसांची निळी. रोज नवा भाव आत येतो, सर्वांत जुना गळतो आणि रेघा तसूभर पुढे सरकतात.

नियम एवढाच, की लाल रेघ निळीला छेदून वर गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचं, खाली उतरली तर विकायचं. पण वर्कशॉपची सवय जात नाही. तिथे एकाने मापायचं आणि दुसऱ्याने तपासून सही करायची. घरात दुसरी मीच, मुलांना गणित शिकवण्यात जन्म घालवलेली. त्यामुळे प्रत्येक छेदापाशी आमच्या दोघांच्या सह्या. मला त्या बाजारापेक्षा त्या सह्यांचंच अप्रूप होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग ते सपाट वर्ष आलं. भाव थोडा चढे, थोडा उतरे, पुन्हा तिथेच. दुपारी पंखा फिरत असे, खाली कोणीतरी स्कूटर चालू करत असे आणि मला पेंग येई. अर्धवट झोपेत लाल आणि निळी रेघ एकमेकींना चिकटून वाहताना दिसत. आजचा दिवस कालचाच वाटे. वार विचारला असता तर सांगता आला नसता.

सरासरी म्हणजे मागे वळून पाहणं. सपाट बाजारात दोन्ही रेघा जवळजवळ येऊन पडतात, मग भावाची लहानशी उसळीही लालला वर ढकलते. पण ती वर पोचते तेव्हा उसळी संपत आलेली असते. आम्ही घ्यायचो ते नेमकं वरच्या काठाशी. भाव परते, काही आठवड्यांनी लाल खाली उतरे आणि आम्ही विकायचो ते खालच्या काठाशी. वर्षभरात असं पाच वेळा झालं. दर वेळी घाटा लहानच, पण मी वैतागले.

"हे असंच असतं," हे म्हणत. "लांब चाल आली की सगळं भरून निघतं."

"आणि नाही आली तर?"

"ते आधी कळलं असतं तर रेघा कशाला काढल्या असत्या, गं?"

सहाव्यांदा लाल वर गेली. यांनी सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी पेन बाजूला ठेवलं. पाच वेळा हसं झालं, म्हणजे सहाव्यांदाही होणार, असा माझा हिशेब. वर्गात एखाद्या मुलाने असं गणित मांडलं असतं तर मी त्याचा कान पकडला असता.

"अहो, पुरे झालं आता," मी म्हणाले.

खातं त्यांच्या नावावर होतं, मोबाइलवर दाबणारं बोटही त्यांचंच. सकाळी सव्वानऊला मला न विचारता घेता आलं असतं. पण दुसरी सही नाही म्हणजे काम पुढे जायचं नाही. "सारु," म्हणजे ठीक, एवढंच इथल्या गुजरातीत म्हणाले.

आणि ती चाल खरी निघाली. भाव चढत राहिला, निळी रेघ खाली लांब पडली. चालीत मधेच शिरून घ्यायचं नाही हाही नियमच. कागद वर संपला तेव्हा यांनी डिंकाने दुसरा जोडला. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. कारण हळूहळू ते चहा घेऊन आतल्या खोलीत जाऊ लागले. तिथेच रेघा काढत आणि कागद गुंडाळून कपाटावर ठेवत. पैसे गेले नव्हते, फक्त आले नव्हते. त्याचं मला काही वाटलं नाही. पण साडेतीननंतर मी बाहेरच्या खोलीत एकटी बसे आणि माझा जीव लागत नसे. आता हे मला पुन्हा कधी विचारणारच नाहीत, ही भीती मनात घर करून बसली.

पुढे ती चाल मावळली, लाल खाली उतरली, बाजार पुन्हा पेंगू लागला. एका दुपारी मीच आत गेले. कागद पलंगावर उघडा होता. लाल रेघ निळीच्या अगदी किंचित वर आली होती. शेजारी यांची सही होती, आणि तिच्यापुढे कोरी जागा.

"विचारलं का नाही?"

"तुला त्रास नको म्हणून." मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "बाजार सपाट आहे. हा छेदही खोटा निघेल बहुतेक."

"निघू दे," मी म्हणाले आणि सही केली.

तीन आठवड्यांत लाल खाली आली. आम्ही घाट्यात विकलं. त्या दुपारी हे कागद घेऊन पुन्हा बाहेर चहाच्या टेबलाशी आले, माझ्याकडे बघून मनसोक्त हसले, आणि मलाही इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.