पॉइंट वन थ्री एट

वडूजहून सांगलीला इंजिनिअरिंगला आलो तेव्हा घरच्यांना वाटत होतं, पोरगं आता धरणंबिरणं बांधणार. पोरगं पहिल्या वर्षी झेरॉक्सची रांग धरायला शिकलं. पुढं शेवटच्या वर्षापर्यंत तेच शिकत राहिलं.

आरसीसीच्या पेपराला आमच्याकडं डोकं लागत नसे, फाइल लागायची. जुन्या पेपरांतल्या बीमच्या गणितांची सोडवलेली उत्तरं, सगळी एकाच हाताची. तो हात कुणाचा, कुठल्या बॅचचा, देव जाणे. पण अक्षर असं की बघूनच पास झाल्यासारखं वाटायचं. मोबाईलवर पीडीएफ फिरत होती, तरी कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला कागदावर काढून द्यायचा, कारण स्क्रीनवर पाठ होत नाही असं आमचं ठाम मत. एका पानाच्या समासात त्या अज्ञात महापुरुषानं 'भूक लागली' असं लिहिलं होतं. तेही दरवर्षी इमानेइतबारे झेरॉक्स होत आलं होतं.

बीमच्या गणिताच्या आठ पायऱ्या. दिलेलं काय ते लिहा. मोमेंटला, म्हणजे बीम वाकवणाऱ्या जोराला, दीडनं गुणा. मग बीम जास्तीत जास्त किती मोमेंट घेईल ते काढा. दोन्हींची तुलना करा. मग स्टील किती, मग कमीत कमी स्टीलचा चेक, शिअरचा चेक, डिफ्लेक्शनचा चेक. प्रत्येक चेकच्या शेवटी 'म्हणून'ची तीन टिंबं काढायची आणि लिहायचं, 'सेफ'. फाइलमध्ये एकही बीम कधी अनसेफ निघाला नव्हता. काय ते बीम! असली गुणी पोरं आमच्या अख्ख्या वर्गात नव्हती.

आणि सर? सरही फाइलमधलंच फळ्यावर लिहायचे. तिसऱ्या गणितात एका ठिकाणी बेरीज चुकली होती आणि त्या महापुरुषानं ती खोडून दुरुस्त केली होती. सर फळ्यावर बरोबर तिथंच चुकायचे आणि तिथंच डस्टर फिरवायचे. आम्ही वहीत तसंच लिहून तसंच खोडायचो. याला शिक्षण म्हणतात.

मी या फाइलचा वर्गातला मोठा जाणकार. माझी स्वतःची एक युक्ती होती. पान घेतलं की आधी खालपर्यंत चारचार ओळी सोडून 'सेफ', 'सेफ' लिहून टाकायचं आणि मग मधल्या जागेत आकडे भरत जायचे. वेळ वाचतो. पोरं माझ्याकडं शिकायला यायची आणि मी खाटेवर मांडी घालून प्रवचन द्यायचो.

माधवनगरचा माझा एक वर्गमित्र होता, तो रोज संध्याकाळी यायचा. त्याचे अब्बा सळई बांधणारे मिस्त्री. लहानपणापासून सुट्टीत साइटवर जाऊन बार वाकवणारा हा गडी, त्यामुळं त्याला एक वाईट खोड. तो विचार करायचा.

"गड्या, ह्यात सहा बार पंचवीसचे दिल्यात," तो एकदा फाइलवर बोट ठेवून म्हणाला. "बीम दोनशे तीस रुंद. कडंचं कव्हर न् भवतीची रिंग गेली की राहतंय किती? दोन बारांत तीन मिलिमीटर बी फट राहत न्हाई. काँक्रीट शिरणार कुठनं?"

"तुला पेपर लिहायचाय का स्लॅब ओतायचाय?" मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला. मला त्या वेळी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

शेवटच्या सेमिस्टरला आम्हा दोघांचा आरसीसी हा एकच विषय अडकलेला. मला घाई अशी काही नव्हती. त्याला होती. अब्बा ज्या कॉन्ट्रॅक्टरकडं काम करायचे, त्यानं कोयनानगरच्या कामावर साइट इंजिनिअरची जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती. अट एकच, या निकालात विषय सुटला पाहिजे. त्यांच्या घरी मी जेवायला गेलो की अब्बा मला शेजारी बसवून घ्यायचे. "बेटा, तू हुशार हायस. ह्याला जरा वळण लाव," म्हणायचे. "आयुष्यभर मी सळई बांधली न् सही दुसऱ्याची. आता मी बांधणार न् सही माझ्या पोराची." खिमा दुसऱ्यांदा वाढून घेत मी त्यांना निर्धास्त राहायला सांगितलं. माझ्या बापाचं काय जात होतं?

परीक्षेआधी तीनचार दिवस तो फाइल आणि कोडचं पुस्तक शेजारी शेजारी ठेवून बसला.

"फाइलीतली समदी गणितं चारशे पंधराच्या स्टीलची हायेत," तो म्हणाला. "अब्बांच्या साइटवर मी ते स्टील कवापासनं बघितलंच न्हाई. आता समदीकडं पाचशेचं येतंय. मग हितं पॉइंट वन थ्री एट लिवून कसं चालंल? पाचशेला पॉइंट वन थ्री थ्री येतंय."

गोष्ट अशी, की बीमची ताकद काढायच्या सूत्रात सुरुवातीला हा आकडा असतो आणि तो स्टीलच्या जातीवर ठरतो. फाइल लिहिली तेव्हा चारशे पंधराचा जमाना होता, म्हणून सगळीकडं पॉइंट वन थ्री एट. आम्हाला तो आकडा घरच्या फोन नंबरसारखा पाठ. स्टील बदललं, पेपर काढणारे बदलले, आम्ही बदललो नाही.

त्याचं बरोबर होतं. ते मला त्याच क्षणी कळलं होतं, हे आज कबूल करतो. पण वर्गाचा जाणकार मी. माझ्या फाइलमध्ये चूक म्हणजे माझीच पत गेली की! मी म्हणालो, "तेवढ्यानं काय आभाळ कोसळत नाही. तपासणारा पायऱ्या बघतो. तू लय शहाणपणा करू नकोस."

परीक्षेच्या सकाळी कॉलेजबाहेरच्या गाड्यावर चहा घेताना त्यानं पुन्हा विषय काढला, तेव्हा मी सरळ चिडलो. "हे बघ, डबली कधी आलेलं नाही आणि येणार नाही. सिंगलीच येतं. दुसरं काही निघालं तर समज, तुझं चुकलंय. पायऱ्या सोडू नकोस." सिंगली म्हणजे मुख्य स्टील फक्त खाली, ताणाच्या बाजूला. डबली म्हणजे वरच्या, दाबाच्या बाजूलाही. तो कपाकडं बघत "व्हय" म्हणाला.

पेपरात चौदा मार्कांचं गणित आलं. रुंदी दोनशे तीस, खोली साडेचारशे, वीसचं काँक्रीट, पाचशेचं स्टील, मोमेंट चौऱ्याऐंशी. दीडनं गुणलं की एकशे सव्वीस. मी माझे सगळे 'सेफ' लिहून घेतले, पॉइंट वन थ्री एट टाकला, ताकद आली एकशे अठ्ठावीस पॉइंट पाच. एकशे सव्वीसपेक्षा जास्त, म्हणून सिंगली. अर्ध्या तासात काम फत्ते.

पेपर काढणारा मात्र बेरकी होता. पॉइंट वन थ्री थ्री टाकला की ताकद येते एकशे तेवीस पॉइंट नऊ. म्हणजे बीम कमी पडतो, म्हणजे डबली. फाइलच्या चेल्यांना पकडायला त्यानं एकशे सव्वीस नेमका दोघांच्या मधोमध ठेवला होता. पेपराला बसलेले आम्ही सगळे फाइलवाले त्यात जाऊन पडलो.

बाहेर आल्यावर मित्रानं आधी मला गाठलं. "सिंगली आलं न्हवं?"

"मग काय! एकशे अठ्ठावीस."

"मग बरं झालं," तो म्हणाला आणि त्यानं मोठा श्वास सोडला. मला वाटलं, पेपर बरा गेला असणार.

निकाल लागला. सत्तरपैकी अठ्ठावीसला पास. मला एकतीस, त्याला पंचवीस. थिअरीत माझी पानं भरायची हातोटी कामाला आली, बाकी काही नाही. त्यानं उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली आणि ती घेऊन तो माझ्या खोलीवर आला.

मी पानं उलटत गेलो. बीमच्या गणिताला माझ्यासारखीच सिंगलीची उत्तरं, माझ्याच पायऱ्या, सहा मार्क. चुकीच्या आकड्याला मलाही तेवढेच मिळाले असणार. तपासणारा पायऱ्या बघतो, हे माझं तेवढं खरं निघालं. पण त्याच्या आधीची दीड पानं खोडलेली होती. कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत पट्टीनं मारलेली एक रेघ. त्या रेघेखाली पॉइंट वन थ्री थ्री. एकशे तेवीस पॉइंट नऊ. 'म्हणून डबली.' वरचं स्टील, खालचं स्टील, सगळं बरोबर. शेवटी तर त्यानं बारांमधली फटसुद्धा तपासली होती, जी फाइलमध्ये कुठंच नाही. चौदापैकी चौदाचं गणित. खोडलेलं तपासत नाहीत.

"का खोडलंस रं?" मी विचारलं.

"डबली निघालं की," तो म्हणाला. "तू म्हनला हुतास, डबली निघालं तर समज तुझं चुकलंय."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तरी मी गप्प ऐकल्या असत्या. त्यानं फोटोकॉपी घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "कॉन्ट्रॅक्टरला आत्ताच मानूस पायजे. मी तुजा नंबर दिलाय. कुनी तरी आपला मानूस गेला तर बरं." मला लाज वाटली. तरी मी गेलो. नोकरी कुणाला नको असते?

तो पुढच्या परीक्षेत पास झाला, चांगल्या मार्कांनी. तोवर जागा गेली होती. सध्या सांगलीत एका दुकानात नकाशे काढून देतो.

कोयनानगरला पहिल्याच आठवड्यात एका बीमचं स्टील बांधून तयार झालं. ओतायच्या आधी इंजिनिअरनं तपासून रजिस्टरवर सही करायची असते. मिस्त्री रजिस्टर घेऊन माझ्यापर्यंत चालत आले. अब्बाच होते. ज्यांच्या घरी मी खिमा खाल्ला, ज्यांनी मला बेटा म्हटलं, त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट सारखं केलं.

"साहेब," ते म्हणाले, "तेवढं बघून घ्या. पोरगं म्हनतंय, तुमीच त्याला शिकिवलंय."

मी वाकून बारांमधल्या फटी मोजायला लागलो. एक एक फट दोनदा मोजली. चुकलेलं काहीच नव्हतं, त्यांचं कधी चुकतच नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढून टोपण उघडून माझ्या हातात दिलं आणि मी त्यांनी बांधलेल्या सळईवर सही केली.