कॉम्प्युटर बंद पडायची वही

आमच्या राजेश्वर गावात लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर जुळवून देणारी मी एकटी, आणि त्याचा मला तोराही होता. मराठी, कन्नड दोन्ही टायपिंग हातात बसलेलं. कॉम्प्युटर पुण्याच्या अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं आणून दिलेला. तो चालता चालता फट्दिशी बंद पडायला लागला आणि तोरा उतरला. बसवकल्याणच्या मेकॅनिकनं फॉरमॅट मारून दिलं, तरी तेच.

अण्णा फोनवर वैतागला. "येळवशीच्या अमावस्येला शेतात जेवायला येतो, तवा घेऊनच जातो." पुण्याला गेलेलं काही परत येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ऐन लग्नसराईत मी काय भिंतीकडं बघत बसायचं? "तवर लिहून ठेव," तो म्हणाला. "किती वाजले, काय करायलतीस, काय झालं."

वही अप्पांनी, आमच्या वडलांनी, ताब्यात घेतली आणि तीन रकाने आखले. अण्णानं बंद पडल्याचंच लिहायला सांगितलं होतं. अप्पा नीट चालल्याचंही लिहायचे, वर घरात कोण काय करतंय तेही. मी खूप चिडवलं त्यांना.

येळवशीच्या आदल्या दिवशी अण्णा कॉम्प्युटर न्यायला रिकामं खोकं घेऊन आला. वही चाळता चाळता खाली बसला. "बंद पडल्यावर लगीच चालू केलं की पाच मिनिटांत परत जायलाय. जेवून येऊन केलं की तासभर टिकायलाय. म्हंजी तापायलाय." मग त्याचं बोट थांबलं. एका दुपारी मी दिवेलागणीपर्यंत सलग काम केलं होतं, एकदाही बंद नाही. शेजारी अप्पांचं अक्षर: आईनं वाकळ धुतली.

"वाकळ कामून?"

तुरीची धूळ जाऊ नये म्हणून आईनं जुन्या लुगड्यांची जाड वाकळ शिवून कॉम्प्युटरच्या डब्यावर चढवली होती. फक्त तोंड उघडं. काम चालू असतानाही आम्ही ती काढत नव्हतो. एवढ्या मायेनं शिवलेली, काढणार कोण? मागच्या हवेच्या जाळ्या पार बुजलेल्या.

"मीच मारायलते व्हय त्याला?" आईचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं.

अण्णा पंख्यातली धूळ झाडायला उठला, तर अप्पांनी अडवलं. "दोन गोष्टी एकदम केल्यास तर कळणार न्हाई. आधी वाकळ." वाकळ घालून चालवला, गेला. गार होऊ दिला, वाकळ काढून तेच काम केलं, संध्याकाळपर्यंत चालला. दोन्ही लिहिलं. पंखा नंतर झाडला.

वाकळ आता काम संपून डबा गार झाल्यावरच पडते. आई स्वतः हात लावून बघते.

येळवस झाली, अण्णा सकाळच्या गाडीनं गेला. खोकं आईनं कांद्यांना घेतलं. मी ऐटीत पत्रिकेला बसले आणि सहज वही उघडली. अप्पांनी तिन्ही रकाने भरले होते. सकाळी सात. थोरला पुण्याला गेला. कॉम्प्युटर ऱ्हायला.