बारा-तेराची रात्र

शाहूपुरीतल्या एका धर्मादाय डायलिसिस सेंटरच्या ऑफिसात मी बसते. कुठल्या पाळीत किती डायलिसिस झाली, याचा महिन्याचा तक्ता काढून ट्रस्टींना पाठवायचा, हे माझं काम. पूर्वी हे मी हातानं जुळवायचे. मग बाहेरच्या एका माणसानं पांडाज नावाचं तक्ते जुळवायचं सॉफ्टवेअर वापरून प्रोग्रॅम लिहून दिला आणि बिल घेऊन गेला. तेव्हापासून बटण दाबलं की तक्ता हजर. सगळे खूश, मीसुद्धा.

एके दिवशी ट्रस्टींचा आदेश आला. रात्रीच्या पाळीला पेशंटच नसतात, ती बंद करा, तिथली दोन मशीन आणि टेक्निशियन पेठ वडगावच्या नव्या सेंटरला पाठवा. सोबत माझाच तक्ता जोडलेला.

आदेश बोर्डावर लागला तसा रात्रीचा एक पेशंट माझ्या टेबलाशी आला. कागलच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारा, आठवड्यातून तीनदा येणारा. कामावरून सुटून नऊला मशीनला लागायचा, रात्री एकला सुटायचा, सकाळी परत कामावर.

"बाई, पेशंट न्हाईत म्हंजे? पलंग रिकामा घावत न्हाय की!"

"तक्त्यात तसंच दिसतंय हो."

"दिवसा आलो तर मालक ठेवंल व्हय मला? घरात मिळवणारा मी एकटाच हाय."

मला त्याचाच राग आला, खरं सांगते. मी काय तक्ता घरी बसून रचते? पण तो गेल्यावर चैन पडेना. मूळ फाइल उघडली. रात्रीच्या ओळी ढिगानं होत्या. तक्त्यातल्या सगळ्या महिन्यांची बेरीज केली, तर फाइलीतल्या ओळींपेक्षा ती बरीच कमी. मग गेल्या कुठं?

रात्रीचा टेक्निशियन फार नेटका माणूस. डायलिसिस बारा तारखेला सुरू होऊन तेराला संपतं, म्हणून तो तारखेच्या रकान्यात इमानदारीनं "12-13" आणि पुढं महिना-वर्ष लिहायचा. तो रजेवर असला की बदलीचा माणूस नुसतं "12" लिहायचा. तेवढ्याच रात्री तक्त्यात आलेल्या.

प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती, तारीख वाचायची. दिवस, महिना, वर्ष असंच वाच, असं तिला बजावलेलं, आणि शेवटी लिहिलेलं errors='coerce'. म्हणजे तारीख कळली नाही तर अडू नकोस, बोंबलू नकोस, तिथं NaT ठेव आणि पुढं चल. NaT म्हणजे तारीखच नाही. पुढं महिन्यावार गट पाडताना ज्या ओळीला तारीख नाही तिला महिना नाही, आणि महिना नाही ती कुठल्याच गटात नाही. ओळ फाइलीत राहते, बेरजेतून गळते. स्क्रीनवर लाल अक्षर नाही, साधी सूचना नाही. अगं बाई, निदान कुरकुर तरी करायची!

जोडतारखेतली पहिली तारीख धरून प्रोग्रॅमला वाचायला लावलं, तर रात्रीची पाळी दिवसाइतकीच भरलेली निघाली. दोन्ही तक्ते घेऊन मी ट्रस्टींमधल्या मुख्य साहेबांकडे धावले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही नीट पाहिले.

"बरं झालं सापडलं. आता पुढचे अहवाल बरोबर येतील."

"साहेब, पण पाळी?"

"मशीन काल वडगावला पोचली. उद्घाटनाच्या पत्रिका वाटल्यात. आता काय करणार, सांगा?"

ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी चहा मागवला. मी तो प्याले, याचीच मला अजून चीड येते.

पेशंटला सांगणं माझ्यावर आलं. जोडतारीख, प्रोग्रॅम, सगळं जमेल तसं समजावलं. तो शांतपणे ऐकत होता.

"म्हंजे कम्प्युटरच्या हिशोबानं आमी आलतोच न्हाय?"

"तसंच."

त्यानं शर्टाची बाही वर केली. सुयांनी गाठी गाठी झालेला हात माझ्या टेबलावर ठेवला. "मग ह्ये काय हाय, बाई?"

त्यानंच बाही खाली घेतली आणि विचारलं, "दिवसाची कुठली येळ मोकळी हाय?"

आता तो सकाळी नऊला येतो. काम सुटलं, दुसरं अजून मिळालेलं नाही. येता-जाता मला "काय बाई, बरं हाय न्हवं?" म्हणतो, आणि मी मान हलवते. परवा महिन्याचा तक्ता काढला. त्याच्या सगळ्या ओळींवर एकेकच तारीख होती, आणि त्याची एकही ओळ बेरजेतून गळली नाही.