ओटीपी देणार नाही

कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर, हिंदी मुलखातल्या आमच्या शहराच्या लष्कर नावाच्या जुन्या भागातल्या घरातून बारावीच्या मुलांना ऑनलाइन शिकवू लागले. वर्ग रोज संध्याकाळी सात वाजता. साडेसातच्या सुमारास माझा चेहरा पडद्यावर गोठायचा आणि मुलं लिहायची, "मॅडम, आवाज कट रही है."

इंटरनेट कंपनीचा माणूस दोनदा आला, दोन्ही वेळा सकाळी अकराला. त्याने आपल्या मोबाइलवर स्पीड दाखवला, शंभराच्या जवळ. मग भिंतीवर टकटक केलं. "मॅडम, आपकी दीवारें मोटी हैं. वायफाय का प्रॉब्लम है, हमारा नहीं. ओटीपी बता दीजिए, कंप्लेंट बंद करनी है."

पहिल्यांदा मी दिला. दुसऱ्यांदा हे म्हणाले, "अगं दे ना, कशाला वाद?" पण मला चीड आली होती. भिंत मोटी आहे हे त्याने मोजलं कुठे होतं? मी ओटीपी दिला नाही. तो जिना उतरताना पुटपुटला आणि मी मुद्दाम वरून म्हटलं, "ज़ोर से बोलिए भैया, सुनाई नहीं दिया."

माझी भाची पुण्याला नेटवर्कचं काम करते. तिला फोन केला.

"मावशी, तू दोन गोष्टी एकत्र मोजते आहेस," ती म्हणाली. "घरातला रस्ता आणि घराबाहेरचा. आयपर्फ नावाचा एक प्रोग्रॅम आहे, फुकट मिळतो. जुना कॉम्प्युटर केबलने राउटरला जोड, त्यावर तो चालू करून ठेव. लॅपटॉपवरून वायफायने त्याला हाक मार. मधे फक्त तुझं घर असेल, इंटरनेट नाही."

पहिल्यांदा काहीच झालं नाही. अर्धा तास मी लॅपटॉपवर जुन्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता पुन्हा पुन्हा टाइप करत बसले. शेवटी कळलं, जुन्या कॉम्प्युटरचा फायरवॉल दार अडवून बसला होता. त्याला परवानगी दिली आणि पडद्यावर एकाखाली एक आकडे उतरू लागले. प्रयोगशाळेतल्यासारखं वाटलं. मी वहीच काढली.

बाहेरच्या खोलीत, राउटरजवळ: दोनशे चाळीस मेगाबिट. उलट दिशेनेही तपासलं, तेवढंच. आतल्या खोलीत, जिथे मी वर्ग घेते: नऊ. कधी सहा.

म्हणजे भिंतीबाबत तो माणूस खरं बोलत होता! मला क्षणभर ओशाळल्यासारखं झालं. हे मिस्कील हसले. पण मी वही बंद केली नाही. संध्याकाळी साडेसातला वर्ग पाच मिनिटं थांबवून बाहेरच्या खोलीत पुन्हा मोजलं. घरातल्या घरात तेच दोनशे चाळीस. आणि केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून इंटरनेटचा स्पीड? तीन. केबलला कसली भिंत?

चार दिवस मी दोन्ही आकडे लिहिले. मग कंपनीला फोन केला. "सुपरवायज़र भेजिए. शाम को. सकाळचं कुणी आलं तर दार उघडणार नाही." शेवटचं वाक्य रागाच्या भरात मराठीतच गेलं, पण पोचलं.

सुपरवायझर पावणेआठला आला, सोबत तोच भिंत वाजवणारा. पुन्हा "वायफाय" सुरू झालं. मी म्हटलं, "बाहेरून येणारी तुमची तार काढा."

"तार निकालेंगे तो नेट बंद हो जाएगा."

"होऊ दे. निकालिए."

त्याने काढली. राउटरचा लाल दिवा लागला. मी लॅपटॉपवर एंटर दाबलं. दोनशे अडतीस, दोनशे एकेचाळीस. इंटरनेट नाही आणि घर मात्र धावतंय. सुपरवायझर वाकून बघत राहिला.

"ये क्या नाप रही हैं आप?"

"मेरा घर," मी म्हटलं. "आतल्या खोलीचा दोष माझा, तो मी बघेन. पर ये तीन आपका है."

तार परत लावल्यावर त्याने स्वतःच्या लॅपटॉपला केबल जोडून मोजलं. साडेतीन. तो बाहेर जाऊन कुणाशी तरी फोनवर बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा आवाज उतरला होता. गल्लीच्या त्या लाइनवर कनेक्शनं फार झाली होती, संध्याकाळी सगळ्यांचंच तुंबत होतं. शेजारच्या तिन्ही घरांना त्यांनी भिंतींचंच सांगितलं होतं.

दोन दिवसांनी आमची लाइन बदलली. शेजाऱ्यांचीही, कारण मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले होते. माझा दोष मीच दुरुस्त केला. दाराच्या चौकटीवरून आतल्या खोलीत केबल नेली आणि तिच्या टोकाला दुसरा वायफायचा डबा लावला. यांनी शिडी धरली.

पुढच्या सोमवारी साडेसातला केबलवर पंच्याण्णव आलं. तेव्हा कुठे मी त्या भिंत वाजवणाऱ्या माणसाला फोन केला.


"लिखिए," म्हटलं, आणि ओटीपीचे आकडे एकेक करून सांगितले.